नाही म्हणायची सोय

एमएस्सी मायक्रोबायॉलॉजीनंतर अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज करायचं ठरवलं, तेव्हा परीक्षा, निबंध, फीचे पैसे हे सगळं माझ्या हातात होतं. शिफारसपत्रं तेवढी दुसऱ्यांच्या हातात. बहुतेक विद्यापीठांना तीन लागतात. त्यातलं सगळ्यात वजनदार पत्र माझ्या गाइड मॅडमचं असणार होतं आणि त्या नेमक्या त्याच वर्षी विभागप्रमुख झाल्या. अर्जांच्या मुदती १ ते १५ डिसेंबर. आमच्याकडे तेव्हा दिवाळीची सुट्टी संपून प्रॅक्टिकल परीक्षा आणि पेपरतपासणी एकदमच अंगावर येते. त्यात नॅकची समिती येणार होती.

कॉलेजातली रीत म्हणजे केबिनबाहेर उभं राहायचं आणि मॅडम बाहेर आल्या की गाठायचं. मला ती नको होती. समोर उभ्या मुलीला नाही म्हणायला भीड पडते, मग ‘देते गं, बघू’ असा होकार येतो. भिडेपोटी दिलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं. मेहनती, शिस्तप्रिय, नियमित, बस. म्हणून ऑक्टोबरच्या मध्यावर, सुट्टी लागायच्या आत, मी आधी मेल केला:

‘मॅडम, नमस्कार. मी डिसेंबरमध्ये पाच विद्यापीठांत पीएचडीसाठी अर्ज करते आहे. माझ्या प्रोजेक्टबद्दल ठोस लिहिण्याइतकं माझं काम तुम्हाला आठवत असेल आणि वेळ निघण्यासारखा असेल, तर तुमचं पत्र मिळावं अशी इच्छा आहे. पाचही ठिकाणी एकच पत्र चालतं, विद्यापीठाचं नाव बदलावं लागत नाही. २५ नोव्हेंबरपर्यंत अपलोड झालं तर पुरेल. यंदा विभागाचं काम खूप आहे याची कल्पना आहे. जमणार नसेल तर एका ओळीत कळवलंत तरी चालेल, मी दुसऱ्या सरांना विचारू शकते. जमणार असेल तर सगळी माहिती एका पानावर देते.’

‘दुसऱ्या सरांना विचारू शकते’ हे वाक्य माझ्या मैत्रिणीला मुळीच पटलं नाही. तिच्या मते त्यामुळे गरज नसल्यासारखं वाटतं. मला वाटतं, नाही म्हणायला वाट ठेवली की हो म्हणणाऱ्यालाही आपण अडकलो असं वाटत नाही. अर्थात ते वाक्य खरं असायला हवं. मी खरोखरच एका सरांना मनात धरून ठेवलं होतं.

दोन ओळींचं उत्तर आलं: ‘हो. तूच मसुदा लिहून आण, मी सही करते.’

हे आपल्याकडे सर्रास चालतं आणि त्यामागे वाईट हेतू नसतो. वेळ नसतो, एवढंच. पण तिथं शिफारस करणाऱ्यानंच पत्र लिहिणं अपेक्षित असतं. शिवाय तीनही पत्रं माझ्याच हातची झाली, तर तिन्हींत एकच आवाज ऐकू येतो. हे मेलवर लिहिलं असतं तर शिकवल्यासारखं झालं असतं, म्हणून भेटले. ‘मॅडम, मुद्दे मी देते, वाक्यं तुमची असू देत. तुम्हाला आठवायला बसावं लागणार नाही एवढं मी करते.’ त्या म्हणाल्या, ‘अगं, लिहायला अर्धा तास लागतो. आठवायलाच दोन संध्याकाळी जातात.’

ते पान मी मग आठवणीसाठीच बनवलं. गुणपत्रिकेतलं काही त्यात घातलं नाही, ती अर्जासोबत जातेच. वर्ग, वर्ष, त्यांनी शिकवलेले पेपर, प्रोजेक्टचा विषय एवढं वर लिहिलं आणि खाली त्यांनी स्वतः पाहिलेले प्रसंग. त्यातला एक सांगते. माझा प्रोजेक्ट उसाच्या शेतातल्या मातीतले, फॉस्फेट विरघळवणारे जिवाणू वेगळे करण्याचा होता. पिकोव्हस्काया माध्यमात ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं. ते पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे प्लेट दुधाळ दिसते आणि जिवाणूनं ते विरघळवलं की वसाहतीभोवती पारदर्शक वलय पडतं. एका खेपेला काही प्लेट्समध्ये वलयं भलतीच मोठी आली. मी जिवाणू न घातलेल्या प्लेट्स उजेडासमोर धरल्या, तर त्यांतल्याही काही मुळातच पातळ दिसत होत्या. ओतताना फॉस्फेट फ्लास्कच्या तळाशी बसत होतं. पहिल्या प्लेट्सना कमी मिळायचं, शेवटच्यांना जास्त. दर प्लेटआधी फ्लास्क फिरवून सगळं पुन्हा केलं आणि पाच जिवाणूंपैकी दोनच खरे निघाले. मॅडम तेव्हा शेजारीच उभ्या होत्या. पानावर मी फक्त एवढं लिहिलं: ‘पिकोव्हस्कायाच्या पातळ प्लेट्स, जानेवारी, पाचातले तीन जिवाणू वगळले.’ त्यावर काय म्हणायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं.

तळाशी दोन ओळी आणखी होत्या. बाकीच्या दोन पत्रांत काय येणार आहे, म्हणजे एका सरांकडून वर्गातलं, उन्हाळी प्रशिक्षणातल्या मार्गदर्शकांकडून उपकरणांवरचं. त्यामुळे प्रयोगशाळेतलं काम हा मॅडमचाच प्रांत राहिला.

वर्गातलं लिहिणारे हे सर माझी पहिली निवड नव्हते. आधी ज्यांना विचारलं होतं त्यांनी स्पष्ट सांगितलं, ‘तुझे मार्क आठवतात, तू आठवत नाहीस.’ ऐकताना लागलं. पण ऑक्टोबरात कळलं म्हणून दुसरं कुणी शोधता आलं.

खरी कटकट पत्राची नसते, पोर्टलची असते. अर्जात शिफारसकर्त्याचं नाव आणि मेल भरून बटण दाबलं की त्यांना आपोआप लिंक जाते. काही ठिकाणी अर्ज सादर केल्यावरच जाते. मेल कॉलेजचा असलेला बरा, जीमेलच्या पत्त्यावर शंका घेतली जाऊ शकते. आमच्या मॅडमचा कॉलेजचा मेल कुणी उघडतच नव्हतं आणि पासवर्ड ऑफिसातल्या क्लार्कभाऊंकडे. तो नवा करून घेण्यात एक आठवडा गेला, म्हणून लिंका पाठवायच्या आधीच हे बघावं. मग पाचही लिंका एकाच दुपारी सोडल्या आणि त्यांना मेसेज टाकला: ‘मॅडम, आज पाच मेल येतील, स्पॅममध्येही बघा.’ लिंकेमागे छोटा फॉर्मही असतो. विद्यार्थिनीला किती काळ ओळखता, कोणत्या नात्यानं, बरोबरीच्या मुलांत ती वरच्या ५ टक्क्यांत की १० की २५. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं पानावर होती. तिसऱ्याचं मी विचारलंही नाही.

अर्जात मला एक प्रश्न होता: पत्र पुढे पाहण्याचा हक्क सोडता का? अमेरिकेत १९७४च्या कायद्यानं प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली फाइल पाहता येते. मी हक्क सोडला आणि मॅडमना तसं कळवलं, म्हणजे लिहिताना हात मोकळा राहतो.

मी मागितलेली २५ तारीख खऱ्या मुदतीच्या सहा दिवस आधीची होती. पहिली मुदत तिथल्या पूर्व किनाऱ्यावर १ डिसेंबरच्या रात्री ११:५९ ला संपत होती, म्हणजे आपल्याकडे २ तारखेच्या सकाळी १०:२९ ला. ही खरी वेळही पानावर लिहून ठेवली होती. उशीर झाला तर त्यांना उगीच धसका बसू नये. आठवण एकदाच केली, १८ तारखेला, आणि तीही लिंका पुन्हा पाठवण्याच्या निमित्तानं. चार अपलोड झाली. पाचवं अडलं, कारण लेटरहेडवरचं स्कॅन केलेलं पत्र पोर्टलच्या मर्यादेपेक्षा जड होतं. क्लार्कभाऊंनी कमी रेझोल्यूशनवर पुन्हा स्कॅन करून दिलं, तेव्हा गेलं.

मार्चमध्ये निकाल लागले. तीन नकार, दोन होकार. होकाराआधी नकारही मॅडमना कळवले होते. मॅडमचा फोन आला, कुठं जायचं ठरवलंस ते विचारायला. ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘ते तुझं पान माझ्याकडे आहे हं. पुढं फेलोशिपला वगैरे लागलं तर नव्या तारखा तेवढ्या पाठव.’