फोनवरची ‘मी’

प्रिय वासंती,

फोनवर बसून मी दिवसभर करते तरी काय, असं विचारलंस. अगं, दिवसभर दुसऱ्याच्या वतीने ‘मी’ म्हणते!

इथे अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना इंग्रजी न येणाऱ्या पेशंटसाठी फुकट दुभाषी द्यावा लागतो. त्यामुळे फोनवर तिघी असतात: चिनी आजी, रिसेप्शनवरची मुलगी आणि मी. आजी म्हणाल्या, “मी सकाळी पेज खाल्ली, आज रक्त देता येईल का?” तर मी इंग्रजीतही “मी सकाळी पेज खाल्ली” असंच म्हणते. “त्या म्हणतात की त्यांनी…” असं सुरू केलं, तर ‘त्या’ म्हणजे आजी, की मागून ओरडणारी त्यांची लेक, हे रिसेप्शनवाल्या मुलीला कसं कळणार? तिला चेहरे थोडेच दिसतात? मला स्वतःचं काही बोलायचं असलं, तर मात्र मी स्वतःला ‘दुभाषी’ म्हणते.

परवाचंच घे (तपशील थोडे बदललेत, गुप्ततेची शपथ आहे). आजींनी सांगितलेली जन्मतारीख रेकॉर्डशी जुळेना. “ही तारीख आमच्याकडे नाही,” असं दोनदा झालं, आजी चिडल्या. तेव्हा मी म्हटलं, “दुभाषीला सांगायचंय, काही वयस्कर चिनी लोक चांद्र पंचांगाची तारीख सांगतात. हवं तर विचारून बघा.” आणि हेच लगेच आजींना चिनीत सांगितलं, एकीशी बोललेलं दुसरीपासून लपवायचं नसतं. मुलीने ओळखपत्रावरची तारीख विचारली आणि गाडी पुढे सरकली. आपल्याकडे तिथीने वाढदिवस करणाऱ्या आत्या आठवल्या की नाही?

मग आजी मलाच म्हणाल्या, “पोरी, तूच सांग, उपाशीपोटी रक्त द्यायचं तर ब्लडप्रेशरची गोळी घेऊ का?” खरी कसोटी इथे असते. उत्तर जिभेवर आलं तरी गिळायचं. मी मुलीला सांगितलं, “हा प्रश्न दुभाषीला विचारला गेलाय,” आणि पुढे जसाच्या तसा, ‘पोरी’सकट ठेवला. तिनेही उत्तर दिलं नाही, शहाणी होती. होल्डवर ठेवून नर्सला आणलं. मी सल्ला दिला असता, तर तो दवाखान्याचाच समजून आजींनी पाळला असता, आणि दवाखान्याला पत्ताही लागला नसता.

तुमच्या मिरजेच्या हॉस्पिटलात काउंटरवर कर्नाटकातले पेशंट येतात, आणि कन्नड येणाऱ्या मावशी मध्ये उभ्या राहतात, असं तू लिहिलं होतंस. एकदा त्यांना ‘मी’ने बोलायला सांगून बघ. आणि तू मावशींकडे नाही, पेशंटकडे बघून बोल. काय झालं ते सविस्तर कळव.

तुझी,
शुभा