‘गरीब मुलगी’ लिहिले की कंदील येतो

एआय मॉडेल जातीयवादी आहे की नाही, यावर आपल्याकडे बऱ्याच चर्चा होतात. आम्हाला हा प्रश्न एका पोस्टरच्या निमित्ताने भेटला आणि त्याचे उत्तर बरेचसे आपण वापरतो त्या शब्दांत सापडले.

वस्तीतल्या अभ्यासिकेचे पोस्टर करायचे होते. ग्रुपवर एक चांगला फोटो आला होता. खिडकीशी बसून लिहिणारी एक मुलगी. पण तिचा चेहरा चौकात लागू नये, असे घरच्यांचे म्हणणे होते आणि ते रास्तच होते. तेव्हा ठरले की चेहरा वेगळा, मात्र बसण्याची ढब, कपडे आणि खोली तीच ठेवायची. चेहऱ्यावर काळी पट्टी मारून फोटो अपलोड केला आणि मॉडेलकडूनच वर्णन मागितले. ‘पारंपरिक भारतीय पोशाखातील तरुणी टेबलाशी अभ्यास करत आहे’, एवढेच मिळाले. गटातल्या एका पोराने त्यात भर घातली, ‘वस्तीतील गरीब, वंचित मुलगी’. त्यावरून चित्र आले ते मातीच्या भिंतीचे, कंदिलाचे, विस्कटलेल्या केसांचे आणि पाणावलेल्या डोळ्यांचे. आमच्या अभ्यासिकेत दोन ट्यूबलाइट आहेत हो!

असे का होते? मॉडेल कोट्यवधी चित्रे आणि त्यांच्या मथळ्यांवरून शिकलेले असते. आपण जे सांगत नाही, ते त्या साठ्यात वारंवार दिसलेल्या गोष्टींनी भरले जाते. ‘गरीब’ हा शब्द फोटोत दिसतच नाही, तो पाहणाऱ्याचा निष्कर्ष आहे. निष्कर्ष लिहिला की मॉडेल त्या निष्कर्षाचे ठरीव चित्र काढते. म्हणून पहिला नियम असा केला की बोट ठेवून दाखवता येईल तेवढेच लिहायचे.

मग फोटो समोर ठेवून नव्याने लिहिले ते असे:

‘कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मुलगी गुडघ्यांपासून वर दिसते. ती मरून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली आहे, धड किंचित पुढे झुकलेले. खिडकीकडच्या हातात पेन, दुसऱ्या हाताची कोपर टेबलावर आणि बोटे कानामागे. नजर वहीवर, ओठ मिटलेले. एकरंगी बाटली-हिरवा सुती कुर्ता, बाह्या कोपरापर्यंत, पांढरी ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेला गाठ मारलेली. केसांची एक घट्ट वेणी. मागची भिंत कमरेपर्यंत निळ्या ऑइलपेंटची, वर पांढरी. चित्राच्या डाव्या कडेला गजांची खिडकी, उजेड तिथूनच.’

यातल्या दोन गोष्टींवर आमचा बराच वेळ गेला. एक म्हणजे डावे-उजवे. ‘उजवा हात’ म्हणजे तिचा की पाहणाऱ्याच्या बाजूचा, यात माणसेच गोंधळतात, तिथे मॉडेलचे काय? म्हणून हात खिडकीला बांधला आणि खिडकी चित्राच्या कडेला. दुसरी गोष्ट नकाराची. ‘नक्षीकाम नको’ लिहिले की अनेकदा नक्षीच येते, कारण तो शब्द मजकुरात आलेला असतो. ‘एकरंगी सुती’ म्हटले की काम होते. ‘दुःखी नको’ऐवजी ‘ओठ मिटलेले, नजर वहीवर’.

वर्णन बरोबर आहे का, हे तपासायला मॉडेलही लागत नाही. फोटो न पाहिलेल्या कार्यकर्तीला ते वाचून दाखवले आणि तसे बसायला सांगितले. तिने दोन्ही कोपरे टेबलावर टेकवले, तेव्हा कळले की पेनाच्या हाताचे मनगट कुठे आहे ते राहिलेच. ‘मनगट वहीच्या खालच्या कडेवर’ एवढे घातले आणि पुढच्या चित्रात हात जागेवर आला. दर वेळी एकच वाक्य बदलायचे, नाहीतर कशाने काय सुधारले ते समजत नाही.

वर्णन लांबले तर क्रम महत्त्वाचा. स्टेबल डिफ्युजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका वेळी 77 टोकनच वाचत, आणि देवनागरी त्यात फार जागा खाते. तशा मॉडेलला इंग्रजीत आणि बसण्याची ढब आधी, भिंत शेवटी, असे द्यावे.

फोटोत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. ती मात्र आम्ही वर्णनात घेतली नाही. पार्श्वभूमीतला लहान चेहरा मॉडेल बऱ्याचदा बिघडवते, आणि बाबासाहेबांचा बिघडलेला चेहरा वस्तीत लावणे आम्हाला मान्य नाही. ‘भिंतीवर रिकामी चौकट’ असे लिहिले आणि खरा फोटो नंतर साध्या एडिटिंग अॅपमध्ये बसवला. अभ्यासिकेच्या नावाची पाटीही तशीच, कारण देवनागरी अक्षरांची जोडाक्षरे बऱ्याचदा तुटून येतात.

एवढे करूनही बोटांचा नेमका कोन शब्दांनी जमला नाही. तो हुबेहूब हवा असेल तर कंट्रोलनेटसारखे साधन लागते. त्याच्या बोटेही टिपणाऱ्या पोझ प्रकारात फोटोतून शरीराचा फक्त रेषांचा सांगाडा काढला जातो आणि मॉडेलला तेवढाच दिला जातो, चेहऱ्याची ओळख त्यात जात नाही.