कंपनी खरी, पण मेल कोणाचा?

परदेशी गिऱ्हाईकाचं काम घेण्याआधी तू नक्की काय बघतेस, असं मागच्या पोस्टनंतर दोघांनी विचारलं. नुसती वेबसाइट बघून काही कळत नाही, ती एका दुपारीही उभी करता येते. त्यापेक्षा गेल्या महिन्यातलंच प्रकरण सांगते.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका कंपनीच्या नावाने मेल आला. यंत्रांच्या माहितीपुस्तकांचं मराठी भाषांतर, चाळीस हजार शब्द, दर मी म्हणेन तो! (घासाघीस न करणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेलं नाही.)

ब्रिटिश कंपन्यांचं एक बरं आहे. तिथल्या कंपनीला आपला नोंदणी क्रमांक वेबसाइटवर आणि धंद्याच्या मेलमध्ये द्यावाच लागतो. तो कंपनीज हाउसच्या find-and-update.company-information.service.gov.uk या साइटवर टाकला की सगळी कुंडली फुकटात मिळते. मेलखालचा क्रमांक टाकला. कंपनी 2009 पासूनची, चालू स्थितीतली, पत्ता जुळणारा, धंदा यंत्रांचाच, हिशेबही दरवर्षी वेळेवर भरलेले. अहो म्हणाले, "झालं की मग, घे काम."

झालं नव्हतं. अशी कंपनी आहे, एवढंच यातून कळतं. मेल तिनेच पाठवला हे कळत नाही, कारण हा क्रमांक जसा मला दिसतो तसा कोणालाही दिसतो आणि आपल्या सहीखाली चिकटवता येतो. शिवाय मार्च 2024 पर्यंत ते कार्यालय आलेली माहिती फारशी न तपासताच नोंदवून घ्यायचं. संचालकांची ओळख पटवण्याची सक्ती तर 18 नोव्हेंबर 2025 पासूनची.

म्हणून मग मेलच्या पत्त्याचं शेपूट पाहिलं. कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि 'group' जोडलेलं होतं. lookup.icann.org वर ते नाव टाकलं, तर डोमेन घेऊन जेमतेम एकोणीस दिवस झालेले. एवढ्यावरून कोणाला चोर म्हणता येत नाही, कंपन्या डोमेन बदलतातही. पण web.archive.org वर कंपनीची साइट वेगळ्याच डोमेनवर 2012 पासून दिसत होती, आणि ती आजही चालू होती.

तिथला फोन नंबर घेतला. मेलमधल्या नंबरावर फोन करून काय उपयोग, तो त्यानेच दिलेला! आपल्याकडे दुपारचे तीन, तिथे ऑफिस नुकतंच उघडलेलं. फोनवरची बाई शांतपणे म्हणाली, या नावाचं आमच्याकडे कोणी नाही, आणि हे विचारणाऱ्या तुम्ही या आठवड्यातल्या तिसऱ्या. तिने सांगितलेल्या पत्त्यावर तो मेल पाठवून दिला.

तिकडे आमच्या 'गिऱ्हाईका'चा पुढचा मेल तयारच होता. आगाऊ चेक पाठवतोय, हिशेबखात्याने चुकून जास्त रकमेचा काढलाय, तेवढा फरक आमच्या एजंटला पाठवा. असा चेक काही आठवड्यांनी परत येतो, आणि तोवर आपण पाठवलेले खरे पैसे गेलेले असतात. मी उत्तर दिलं नाही.