अँटिबायोटिकनंतरचे जुलाब आणि सॅनिटायझरला न जुमानणारा जंतू

अँटिबायोटिक घेताना पोट थोडं बिघडणं नेहमीचंच आहे. बहुतेक वेळा गोळ्या संपल्या की तेही थांबतं. पण गोळ्या संपून आठवडा झाला, तरी दिवसातून तीनपेक्षा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब होत असतील, पोटात मुरडा येत असेल आणि ताप असेल, तर 'काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल हा जंतू असू शकतो. आम्ही डॉक्टर त्याला थोडक्यात 'सी. डिफ' म्हणतो.

माझ्या एका रुग्णाचं उदाहरण सांगतो. वय 71, दाढेला पू झाला म्हणून दंतवैद्यांनी क्लिंडामायसिन दिलं होतं. दाढ बरी झाली. कोर्स संपल्यावर पाचव्या दिवशी आजींना जुलाब सुरू झाले, दिवसाला आठ-दहा. मुलाने मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणल्या. जुलाब कमी झाले, पण पोट फुगलं आणि ताप चढला. माझ्याकडे आल्या तेव्हा पांढऱ्या पेशी 18,000 होत्या. शौचाच्या तपासणीत सी. डिफचं विष सापडलं.

हे घडतं कसं? आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य उपकारक जंतू राहतात. पित्तातल्या काही घटकांचं ते अशा रूपात रूपांतर करतात की सी. डिफला वाढता येत नाही. अँटिबायोटिक दाढेतल्या जंतूंबरोबर या पहारेकऱ्यांनाही मारतं. मग सी. डिफला रान मोकळं मिळतं. तो वाढून विष सोडतो आणि त्या विषाने आतड्याच्या अस्तराला सूज येते. जुलाब बळंच थांबवले तर हे विष आतच साठू शकतं. म्हणून ताप, रक्त किंवा पोटफुगी असताना लोपेरामाइडसारखी गोळी स्वतःहून घेऊ नये.

आजींची सून मला म्हणाली, "डॉक्टर, मी प्रत्येक वेळी सॅनिटायझर लावते हो." तिची काळजी खरी होती, पण सी. डिफवर सॅनिटायझर चालत नाही. अल्कोहोल जिवंत जंतूचं बाहेरचं पातळ आवरण फोडतं आणि आतली प्रथिनं गोठवतं. सी. डिफ मात्र शरीराबाहेर बीजाणूच्या रूपात राहतो. सुक्या बीसारखाच म्हणा ना! बाहेर प्रथिनांची जाड कवचं, आत पाणी अगदी कमी आणि सगळे व्यवहार बंद. अल्कोहोलला आत शिरायला वाटच मिळत नाही. प्रयोगशाळेत तर शौचाच्या नमुन्यात मुद्दाम अल्कोहोल घालतात. बाकीचे जंतू मरतात आणि सी. डिफचे बीजाणू तेवढे उरतात!

साबणही बीजाणूंना मारत नाही. पण हात चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले की ते सुटून वाहून जातात. रुग्णाचे कपडे हाताळल्यावर, संडास साफ केल्यावर आणि जेवणाआधी असेच हात धुवावेत. संडासाची सीट, नळ आणि कडी यांना ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण लावावं. ते मात्र बीजाणूंना मारतं. ब्लीच ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

उपचारात शक्य असेल तर मूळ अँटिबायोटिक आधी बंद करतात. आजींचं ते संपलेलंच होतं. मग व्हँकोमायसिन, 125 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. हे औषध तोंडानेच घ्यावं लागतं. शिरेतून दिलं तर ते आतड्याच्या पोकळीत पुरेसं पोहोचत नाही. तोंडाने घेतलं तर रक्तात फारसं न शोषता थेट रोगाच्या जागी जातं. कॅप्सूल मिळाल्या नाहीत, म्हणून आम्ही इंजेक्शनची पावडर पाण्यात विरघळवून त्यांना पाजली. "इंजेक्शन प्यायचं?" म्हणून आजी हसल्या होत्या. फिडॅक्सोमायसिन हे दुसरं चांगलं औषध आहे. आजार सौम्य असेल आणि ही दोन्ही मिळत नसतील, तर मेट्रोनिडॅझोल वापरता येतं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आठवड्याभरात जुलाब थांबले. पण तीन आठवड्यांनी ते पुन्हा सुरू झाले. साधारण पाचातल्या एका रुग्णाला असा झटका परत येतो, कारण बीजाणू औषधालाही दाद देत नाहीत आणि पहारेकरी जंतू परत यायला वेळ लागतो. या वेळी व्हँकोमायसिन काही आठवडे हळूहळू कमी करत दिलं आणि आजी बऱ्या झाल्या. वारंवार उलटणाऱ्या आजारात निरोगी माणसाच्या शौचातले जंतू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपायही वापरतात.

जुलाब थांबल्यावर 'खात्रीसाठी' पुन्हा शौच तपासू नका. बरं झाल्यावरही काही आठवडे तपासणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि उगाच औषध सुरू होतं. आणि गेल्या तीन महिन्यांत एखादं अँटिबायोटिक घेतलं असेल, तर जुलाबासाठी डॉक्टरांकडे जाताना त्याची चिठ्ठी बरोबर न्या. त्या एका कागदावरूनच निदानाची दिशा ठरते.