पावतीवरील पक्षी

आमच्या घरीं गेलीं चार वर्षें लव्हबर्ड आहेत. एका स्नेह्यांची बदली झाली, तेव्हां त्यांनीं ही जोडी आमच्या स्वाधीन केली. अंग हिरवें, चेहरा गुलाबी, बांधा ठेंगणा आणि स्वभाव जमदग्नीचा! गेल्या वर्षीं त्यांतील एक पांखरूं गेलें आणि दुसरें मुकाट्यानें कोपऱ्यांत बसूं लागलें. आमच्या नातीला तें पाहवेना. म्हणून तिच्यासह आम्ही पक्ष्यांच्या दुकानीं गेलों.

तेथें "लव्हबर्ड" अशी पाटी लावलेल्या पिंजऱ्यांत निळीं-पिवळीं, लांब शेपटीचीं पांखरें होतीं. आम्हीं शंका काढली, "आमचा तर असा दिसत नाहीं." दुकानदार हंसून म्हणाले, "काका, ही ऑस्ट्रेलियन जात. आहे लव्हबर्डच." आम्हीं बाराशें रुपये मोजले. पावतीवर "लव्हबर्ड, नग १" असें लिहून मिळालें.

त्याच सायंकाळीं नवें पांखरूं जुन्याच्या पिंजऱ्यांत सोडलें. पांच मिनिटांत किंकाळी ऐकूं आली. जुन्यानें नव्याच्या पायाचें बोट चोंचींत धरून चिरडलें होतें. रक्ताचे थेंब मोजकेच होते. परंतु तीसचाळीस ग्रॅमच्या त्या जिवाच्या अंगीं रक्त असतें तेंच मुळीं तीनचार मिलिलिटर. सौ. नीं स्वच्छ कापसानें बोट दाबून धरलें आणि आम्हीं डॉक्टरांकडे धांव घेतली.

पांखराकडे पाहतांच डॉक्टर म्हणाले, "हें तर बजरीगर!" आणि पायाला पट्टी बांधतां बांधतां त्यांनीं खुणाहि दाखविल्या. बजरीगरची शेपटी लांब व टोंकदार; लव्हबर्डची आंखूड व बोथट. बजरीगरच्या डोक्यामागें व पंखांवर लाटांसारख्या काळ्या रेघा असतात. चोंचीच्या वर नाकपुड्यांभोंवतीं मऊ कातडीची पट्टी असते. ती वयांत आलेल्या नराची बहुधा निळी, मादीची तपकिरी. तशी निळी वा तपकिरी पट्टी लव्हबर्डला नसते. लव्हबर्डच्या एकंदर नऊ जाती. आठ आफ्रिकेच्या भूमीवरील व एक मादागास्करची. तेव्हां "ऑस्ट्रेलियन लव्हबर्ड" या शब्दांतच घोटाळा आहे. आपल्याकडे बजरीगरला लव्हबर्ड म्हणण्याची चाल बाजारांत सर्रास आहे. एरवीं ती निरुपद्रवी वाटते. पण लव्हबर्डची चोंच अधिक जाड व बळकट, त्यामुळें दोघांस एकत्र ठेवलें कीं दुखापत व्हावयाची ती गरीब बजरीगरलाच.

घरीं येऊन आम्हीं दोन पानांचें जळजळीत पत्र लिहिलें. औषधोपचाराचा सारा खर्चहि मागितला. सौ. नीं तें वाचलें आणि म्हणाल्या, "नांव खोटें सांगितलें हा त्यांचा दोष. पण आणल्या दिवशींच एका पिंजऱ्यांत सोडलें कोणीं?" उत्तर नव्हतें. नवा पक्षी महिनाभर तरी वेगळा ठेवावयाचा असतो; रोग असल्यास तो त्या अवधींत बहुधा कळतो. पुढें पिंजरे शेजारीं ठेवून ओळख करून द्यावयाची. हें पथ्य खऱ्या लव्हबर्डलाहि लागू होतें. तोहि त्या सायंकाळीं चावला गेला असता. आम्हीं पत्र फाडलें व नवें लिहिलें:

"सा. न. वि. वि. आपल्या दुकानांतून आम्हीं लव्हबर्ड म्हणून घेतलेला पक्षी बजरीगर आहे. पावतीची प्रत, पक्ष्याचीं शेपटी, पंख व चोंच स्पष्ट दिसणारीं छायाचित्रें आणि डॉक्टरांचा लेखी अभिप्राय सोबत जोडला आहे. खरेदीपूर्वीं आम्हीं शंका विचारली होती. घरीं लव्हबर्डनें त्यास जखमी केलें. एकत्र ठेवण्याची घाई आमची, म्हणून उपचाराचा खर्च मागत नाहीं. परंतु बजरीगरची आपली किंमत वजा जातां उरलेली रक्कम परत करावी आणि पाटी बदलावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक आयोगाकडे जाणें भाग पडेल. कळावें, हे विनंति."

ही शेवटची ओळ पोकळ धमकी नव्हती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें अशी तक्रार दोन वर्षांच्या आंत करतां येते. मात्र पावतीवांचून आमचें सांगणें केवळ तोंडचें ठरलें असतें.

आठव्या दिवशीं दुकानदारांचा फोन आला. "पक्षी आणा, बदलून खरा लव्हबर्ड देतों," ते म्हणाले. नातीनें ऐकतांच पिंजरा पोटाशीं धरला. लंगड्या पायाचें पांखरूं पुन्हां त्या गर्दींत? आम्हीं नकार दिला. अखेर आठशें रुपये परत आले.

पाटीवर आतां "बजरीगर" लिहिलें आहे. खालीं कंसांत बारीक अक्षरांत "लव्हबर्ड" कायम आहे! आमच्या घरीं दोन पिंजरे खिडकीशीं हातभर अंतरानें टांगले आहेत. निळ्याचें एक बोट वांकडें राहिलें. पण सकाळीं तो बडबडूं लागला कीं हिरवा कोपरा सोडून त्या बाजूच्या दांडीवर येऊन बसतो.