पाडव्याच्या शुभेच्छा, तिच्या एकटीसाठी



दिवाळीच्या शुभेच्छा आपण कशा लिहितो? धनधान्य, भरभराट, लक्ष्मीची कृपा. वहीपूजनात तर शालिभद्राची ऋद्धी मागण्याची आपली जुनी रीत आहे. पण जिची नोकरी नुकतीच गेली आहे, तिला हाच मजकूर गेला तर तो टोचतो. आणि त्याऐवजी ‘काळजी करू नकोस’ लिहिलं की तो सांत्वनाचा संदेश होतो, सणाचा राहत नाही.

माझी एक मैत्रीण घोडेगावला राहते. भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या एका लॉजमध्ये ती बरीच वर्षं हिशेब सांभाळायची. यंदा श्रावणातली गर्दी ओसरली आणि मालकाने हिशेबाचं काम बाहेर देऊन टाकलं. ही गोष्ट तिने स्वतः मला फोनवर सांगितली होती. हे महत्त्वाचं आहे. बातमी दुसऱ्याकडून कळली असती तर मी संदेशात तिचा उल्लेखही केला नसता. तिने सांगितलं होतं, म्हणून एक वाक्य लिहायचं ठरवलं, एकच. अजिबात न लिहिणं म्हणजे मुद्दाम टाळल्यासारखं, आणि दोनदा लिहिणं म्हणजे जखम चाचपल्यासारखं.

दिवस मी पाडव्याचा धरला. धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजन हे पैशाचे दिवस. अमावास्येच्या रात्री पावापुरीला महावीरस्वामींचं निर्वाण झालं आणि पहाटे गौतमस्वामींना केवलज्ञान झालं. म्हणून पाडव्याची सकाळ आपल्याकडे गौतमस्वामींची, आणि नवं वीर निर्वाण संवतही त्याच दिवशी सुरू होतं. मात्र ‘बघ, दुःखातूनच ज्ञान होतं’ असा बोध तिला करायचा नाही. ती कथा तिलाही पाठ आहे.

आणखी एक वाक्य आपल्या बायकांच्या तोंडी सहज येतं: ‘अशुभ कर्माचा उदय आहे, जाईल.’ कर्माचा विचार ज्याने त्याने आपल्यापुरता करायचा असतो. दुसरीला तो सांगितला की ‘तुझंच काहीतरी चुकलं’ असा अर्थ निघतो. इथे तर मालकाने खर्च कमी केला, एवढंच घडलं होतं.

मग लिहायचं काय? खरी गरज असेल तर तिच्या कामातलं काहीतरी मागावं. आमच्या महिला मंडळाच्या वर्षाच्या हिशेबात 900 रुपयांची तफावत निघत होती. मी कॉमर्सची, त्यामुळे एवढं आठवत होतं की तफावतीला 9 ने पूर्ण भाग गेला तर कुठेतरी अंक उलटे पडले असण्याची शक्यता असते, म्हणजे 3,280 च्या जागी 2,380. पण सगळी कीर्द तपासायला सराव लागतो आणि तो तिच्याकडे आहे. मंडळात आधी विचारून मानधन ठरवून घेतलं. जे काम ती कालपर्यंत पगारावर करत होती, तेच आज ‘तुला वेळ आहेच’ म्हणून फुकट सांगणं हा अपमानच.

शेवटी असा संदेश गेला:

‘जय जिनेन्द्र. नव्या वर्षाच्या खूप शुभेच्छा. नोकरीचं तू सांगितलंस ते ध्यानात आहे. फराळाचा डबा पोचवते, तुझ्या अनारशांसाठी माझी बरणी रिकामी ठेवली आहे. मंडळाच्या हिशेबात 900 चा फरक येतोय, 9 ने भाग जातो. ज्ञानपंचमीनंतर दोन दिवस बघशील का? मंडळ मानधन देतं. जमणार नसेल तर तसं मोकळेपणाने सांग.’

डबा दरवर्षीएवढाच भरला: बिनकांदा-लसणाचा चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. यंदा दुप्पट पाठवला असता तर तिने ते बरोबर ओळखलं असतं. आणि ‘यंदा अनारसे करायच्या खटाटोपात पडू नकोस’ असं सांगणं, वरवर मायेचं वाटलं तरी, तिच्या हातातली देवाणघेवाण काढून घेणं होतं.

संदेश पाठवण्याआधी मी प्रत्येक वाक्याला एक प्रश्न विचारला: ती नोकरीत असती तर हे मी लिहिलं असतं का? नोकरीचं ते एक वाक्य सोडलं तर सगळ्यांचं उत्तर ‘हो’ आलं. ‘नाही’ उत्तर आलेली दोन वाक्यं आधीच खोडली होती.

दोन दिवस उत्तर नव्हतं. अशा वेळी ‘वाचलंस का?’ किंवा ‘काही मिळालं का?’ विचारू नये. उत्तर द्यायचं की नाही, कधी द्यायचं, हे तिचं तिला ठरवू द्यावं. तिसऱ्या दिवशी तिचा संदेश आला: ‘नुसती कीर्द नको, पावतीपुस्तकंही पाठव. आणि बरणी धुऊन पाठव.’