प्रौढांचा कित्ता

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ महालात राहतात. वय पन्नाशीचे. कारकुनीत आयुष्य गेले, परंतु अलीकडे सर्व लेखन यंत्रावर होत असल्याने त्यांचे हस्ताक्षर पार बिघडले. मुलाच्या फीसंबंधी त्यांनी शाळेस चिठ्ठी धाडली. तीत फी ‘भरण्यास’ आठ दिवसांची मुदत मागितली होती. वाचणाराने ती ‘मरण्यास’ अशी वाचली! मग त्यांनी सीताबर्डीवरून दोन पुस्तके आणली: एक मुलांचा कित्ता व दुसरे सुलेखनकलेचे.

दोहोंचाही उपयोग त्यांस अल्पच झाला, व याचे कारण उघड आहे. कित्ता अक्षराचे वळण शिकवितो; ते तर त्यांस बाळपणापासून ठाऊक होते. सुलेखनाचे पुस्तक तिरप्या कापाच्या रुंद टाकाने सावकाश अक्षर रेखाटावयास शिकविते. ती कला सुंदर खरी; पण चिठ्ठी लिहिताना कोण बोरू घेऊन बसणार?

आम्ही त्यांस सुचविले की आपलेच एक जुने पान दुसऱ्याकडून मोठ्याने वाचवून घ्यावे, व वाचणारा जेथे अडेल तेथे खूण करावी. बहुतेक खुणा शिरोरेषेपाशीच निघाल्या. भ व म, तसेच ध व घ, यांतील मुख्य भेद डोक्यावरच असतो: भ आणि ध यांची रेघ मध्ये तुटते, म आणि घ यांची अखंड जाते. घाईत सर्व शब्दावर एकच रेघ ओढली की ‘धर’चे ‘घर’ होते. त्यांच्या ‘भ’ची डावी गाठही नाहीशी झाली होती, म्हणून तो सरळ ‘म’च दिसे.

मग रोज पंधरा मिनिटे, आखीव कागदावर, याच चार अक्षरांचे शब्द त्यांनी लिहिले. रेघ अक्षराबरोबर, तुटक ओढावयाची. दोन शब्दांत एका अक्षराची जागा सोडावयाची. प्रथम अगदी संथ, आणि वाचणारा अडेनासा झाला म्हणजेच वेग वाढवावयाचा. दीडेक महिन्यात चिठ्ठ्या वाचता येऊ लागल्या. अक्षर मात्र मोत्यासारखे झाले नाही, व तसा त्यांचा आग्रहही नव्हता.

याच कामी एक जुना ग्रंथ आम्हांस अधिक उपयोगी वाटतो. सतराव्या शतकातील रामदासांच्या दासबोधात, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. पहिल्या अक्षरापासून अखेरपर्यंत सर्व अक्षर एकाच टाकाचे वाटावे. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षर जात नाही. तरुणपणीचे बारीक अक्षर म्हातारपणी वाचवत नाही, म्हणून मध्यम लिहावे, असे त्यात सांगितले आहे. आमच्या गृहस्थांनी हा समास वाचून अक्षर थोडे मोठे केले, आणि चष्मा न लावता स्वतःचे लिहिलेले वाचता येते, असे ते म्हणतात.

एक सावधगिरी. अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जाऊ लागले, किंवा हात कापू लागला, तर तेथे पुस्तकाचे काम नाही. ते कंपवाताचे लक्षण असू शकते. आधी वैद्यास दाखवावे.